प्रयोगाच्या पोस्टमध्ये कुणाला, कुठे आणि कसे टॅग करावे

हौशी नाटकाचा प्रयोग संपतो, नेपथ्याचे सामान टेम्पोत चढते, आणि मग चहाच्या टपरीवर कुणीतरी एक जण मोबाइल काढून प्रयोगाची पोस्ट लिहायला बसतो. पुण्यातल्या बहुतेक गटांत हे काम आपोआप सर्वांत धाकट्या सभासदाच्या गळ्यात पडते. त्याला त्याबद्दल कुणी काही शिकवलेले नसते. तो प्रयोगातल्या पंधरा-वीस जणांची नावे आठवतो, प्रत्येकाच्या आधी @ लावतो, खाली मेकअपसकट काढलेला सगळ्यांचा एकत्र फोटो जोडतो आणि मोकळा होतो. हा लेख त्या धाकट्या सभासदासाठी आहे. आमच्या संस्थेची फेसबुक आणि इन्स्टाग्रामची खाती मी बरीच वर्षे सांभाळते, आणि खाली जे सांगितले आहे त्यातले निम्मे मी स्वतःच्या चुकांतून शिकले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी करून घ्यायला हवी. पोस्टमध्ये माणसाचे नाव तीन प्रकारे येते आणि हे तीनही प्रकार बोलताना आपण सरसकट ‘टॅग केले’ असे म्हणतो. पहिला प्रकार म्हणजे नुसते नाव लिहिणे. त्याने कुणाच्याही मोबाइलवर घंटी वाजत नाही, नावावर बोट ठेवले तरी काही उघडत नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला काम कुणी केले ते समजते. दुसरा प्रकार म्हणजे मजकुरात @ लावून केलेला उल्लेख. त्याने त्या व्यक्तीला सूचना जाते आणि कोणताही वाचक एका स्पर्शात तिच्या प्रोफाइलवर पोहोचतो. तिसरा प्रकार म्हणजे फोटोतल्या चेहऱ्यावर नाव चिकटवणे. फेसबुकवर तशी पोस्ट त्या व्यक्तीच्या प्रोफाइलवर दिसू शकते. इन्स्टाग्रामवर तो फोटो तिच्या प्रोफाइलमधल्या टॅग केलेल्या फोटोंच्या वेगळ्या दालनात जाऊन बसतो, म्हणजे तो तिने स्वतः न टाकताही तिच्या घरात लटकतो. ते घर पाहायला कोण कोण येते याचा विचार आपण करत नाही. नोकरीची मुलाखत घेणारे येतात, स्थळ बघणारी मंडळी येतात, गावाकडचे काका येतात.

माझे मत असे, की श्रेय हे पहिल्या प्रकारात असते आणि उरलेले दोन प्रकार ही सोय आहे. याची परीक्षा सोपी आहे. पोस्ट लिहून झाली की सगळे @ काढून टाकून ती एकदा वाचावी. ‘या सर्वांमुळे शक्य झाले’ एवढेच वाक्य आणि खाली नावांची रांग उरत असेल, तर कोणी काय केले हे त्यात कुठेच लिहिलेले नसते आणि म्हणून श्रेयही दिलेले नसते. फक्त सतरा जणांची घंटी वाजवलेली असते. रंगभूमीवर हे नीट करण्याची जुनी पद्धत आहेच. पडदा उघडण्यापूर्वी श्रेयनामावली वाचली जाते, तिच्यात आधी काम आणि मग नाव येते: प्रकाशयोजना अमुक, नेपथ्य तमुक. पोस्टमध्येही तोच क्रम धरावा.

आता माझी चूक. आमच्या एका एकांकिकेचा प्रयोग भरत नाट्य मंदिरात होता, आणि प्रकाशयोजना करणारा मुलगा हिंजवडीत नोकरीला होता. प्रयोग कामाच्या दिवशी आल्यामुळे त्याने ऑफिसात ताप आल्याचे सांगून रजा घेतली होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणाला त्यात फार गंभीर असे काही वाटले नव्हते. रात्री मी माझ्या वैयक्तिक फेसबुक खात्यावर मोठ्या कौतुकाने लिहिले, की सकाळी नऊपासून शिडीवर चढून एकट्याने सगळे दिवे लावणाऱ्या या मुलाला सलाम, आणि त्याच्या नावाला @ लावला. पोस्ट मी फक्त माझ्या मित्रयादीला दिसेल अशीच ठेवली होती आणि त्याचा साहेब माझ्या यादीत नव्हता. तरीही दहाच्या सुमारास त्या साहेबांची टिप्पणी आली: ‘ताप उतरलेला दिसतो.’

हे कसे घडले ते समजून घेतले तर पुढच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतात. फेसबुकवर मजकुरातला @ उल्लेखसुद्धा टॅगच मानला जातो, आणि तुम्ही पोस्ट आपल्या मित्रांपुरती ठेवली असली तरी एखाद्याला टॅग केले, की त्याच्या मित्रांनाही ती दिसू शकते. मूळ व्यवस्थाच तशी आहे. मला वाटत होते की मी माझ्या दिवाणखान्यात बोलत आहे; प्रत्यक्षात ज्याचे नाव घेतले त्याच्याही दिवाणखान्याचे दार मी उघडले होते. पोस्ट कुणाला दिसावी हे निवडताना सानुकूल पर्याय, म्हणजे Custom, घेतल्यास टॅग केलेल्यांच्या मित्रांना वगळता येते. मात्र टॅग केलेली व्यक्ती स्वतः ती पोस्ट पाहू शकतेच. संस्थेच्या पेजवरून टाकलेली पोस्ट मुळात सर्वांसाठी खुली असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न वेगळा उरत नाही. तिथे लिहिताना साहेब, सासू आणि शेजारी हे तिघेही वाचत आहेत असे धरूनच लिहावे.

त्या रात्री मी दुसरी चूक केली ती घाईने. मी पोस्ट संपादित करून त्याचे नाव आणि ते वाक्य काढून टाकले आणि निश्चिंत झाले. फेसबुकवर संपादित पोस्टचा आधीचा मजकूर View edit history या पर्यायातून पोस्ट दिसणाऱ्या कुणालाही वाचता येतो, हे मला दुसऱ्या दिवशी त्या मुलानेच सांगितले. तेव्हा नियम असा: शुद्धलेखनाची चूक असेल तर संपादन करावे, पण ज्याचे नाव यायला नको होते ते आले असेल तर पोस्ट पूर्ण काढून टाकावी आणि नव्याने लिहावी. पंचवीस लाइक गेल्याचे दुःख करू नये. ज्यांना सूचना जाऊन पोहोचली किंवा ज्यांनी स्क्रीनशॉट घेतला त्यांच्याबाबत आपण काहीही करू शकत नाही. त्यामुळे खरे काम पोस्ट टाकण्यापूर्वीच व्हायला हवे.

रंगीत तालमीच्या वेळी विचारून ठेवा

संमती विचारण्याची योग्य वेळ प्रयोगानंतरची रात्र नव्हे, कारण तेव्हा सगळे थकलेले असतात आणि ‘कर काय करायचे ते’ हे उत्तर संमती म्हणून धरण्याजोगे नसते. रंगीत तालीम ही उत्तम वेळ असते. त्या दिवशी सगळे जमलेले असतात, फोटोही निघतात, आणि माहितीपत्रकासाठी नावे तशीही गोळा करायचीच असतात. आमच्या वहीत प्रत्येकाच्या नावासमोर चार गोष्टी लिहिलेल्या असतात: काम कोणते आणि त्याचा नेमका शब्द काय, नाव कसे लिहायचे, कोणते खाते जोडायचे किंवा जोडायचेच नाही, आणि चेहरा ओळखू येईल असा फोटो चालेल का.

या चारांपैकी पहिली गोष्ट किरकोळ वाटते, पण रुसवेफुगवे सर्वांत जास्त तिच्यावरूनच होतात. प्रकाशयोजना करणारा आणि प्रयोगात डिमरवर बसून ती चालवणारा हे दोघे वेगळे असू शकतात. पार्श्वसंगीत तयार करणारी आणि प्रयोगात ते संचालित करणारी यांनाही वेगवेगळे श्रेय लागते. ‘बॅकस्टेज टीम’ असा गठ्ठा बांधून सहा जणांना त्यात कोंबले, की ज्याने प्रत्येक काळोखात अकरा सेकंदांत पलंग फिरवला त्याच्या वाट्याला काहीच येत नाही, मग तुम्ही त्याला कितीही टॅग करा.

नाव कसे लिहायचे या प्रश्नाची उत्तरे नेहमी अपेक्षेपेक्षा निराळी येतात. कुणाला आडनाव नको असते, कुणाला आईचे नाव मध्ये हवे असते, कुणाचे लग्नानंतरचे नाव कागदोपत्री वेगळे असले तरी रंगभूमीवर जुनेच चालू असते. खात्याबाबतही तसेच. आमची रंगभूषा करणारी ताई कोथरूडमध्ये पार्लर चालवते. तिने पहिल्याच वेळी स्वच्छ सांगितले, की माझ्या वैयक्तिक खात्याला हात लावू नका, तिथे माझ्या मुलीचे फोटो आहेत, टॅग करायचेच तर पार्लरच्या खात्याला करा, म्हणजे चार गिऱ्हाइके तरी येतील. न विचारता मी तिला वैयक्तिक खात्यावर टॅग केले असते, तर मला कौतुक केल्याचे समाधान मिळाले असते आणि तिला मिळाला असता फक्त त्रास.

विचारायचे ते प्रत्येकाला वेगळे विचारावे, ग्रुपवर नको. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘कुणाला टॅग नको असेल तर सांगा’ असे टाकले, की ज्याला नको आहे त्याला वीस जणांसमोर कारण सांगण्याची वेळ येते, म्हणून तो गप्प राहतो आणि आपण त्या गप्प राहण्याला होकार समजतो. मी प्रत्येकाला साधारण असा निरोप पाठवते:

‘शनिवारच्या प्रयोगाची पोस्ट रविवारी सकाळी संस्थेच्या पेजवर आणि इन्स्टाग्रामवर टाकणार आहे. तुझे श्रेय “नेपथ्य निर्माण” असे लिहिणार आहे. नाव कसे लिहू? खाते जोडू का, की नुसते नाव पुरे? एकत्र फोटोत तू डावीकडून तिसरा आहेस, तो चालेल का? उत्तर आले नाही तर मी नुसते नाव लिहीन आणि खाते जोडणार नाही.’

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. उत्तर न आल्यास काय होईल ते आधी सांगितलेले असावे, आणि जे होईल ते कमीत कमी उघडे पाडणारे असावे. नकाराचे कारण कधीही विचारू नये. सरकारी नोकरी असेल, घरी नाटकाचे सांगितले नसेल, मागे लागलेला कुणी असेल किंवा काहीही नसेल. त्याचा पोस्टशी संबंध नाही. समोरची व्यक्ती वयाने किंवा मानाने मोठी असेल तर हाच निरोप ‘आपण’ने लिहावा आणि शक्य असल्यास फोन करावा. आमच्या एका ज्येष्ठ मार्गदर्शकांनी असा निरोप मिळाल्यावर सांगितले, की माहितीपत्रकात नाव आले आहे तेवढे पुरे, इंटरनेटवर माझे नाव आले की मला तीन दिवस फोन घ्यावे लागतात.

नाटकात लहान मुले असतील तर टॅगचा प्रश्नच घेऊ नये. मुलाचे पहिले नाव आणि भूमिका एवढेच लिहावे, तेही पालकांना विचारून. शाळा, इमारत किंवा शिकवणीचे नाव फोटोतल्या टी-शर्टवरून वाचता येत नाही ना, हे मोठे करून पाहावे.

मजकूर लिहिताना

एक उदाहरण पूर्ण घेऊन दाखवते. नवख्या सभासदाने लिहिलेला पहिला खर्डा असा होता: ‘काल भरतला आमचा प्रयोग दणक्यात झाला!! या यशाचे खरे मानकरी’, त्यापुढे @ लावलेली सतरा नावे, आणि शेवटी ‘पुढच्या प्रयोगाला तुम्ही सगळ्यांनी यायलाच हवे आणि ही पोस्ट शेअर करायलाच हवी’. यात तीन दोष आहेत. कुणाचे काम काय ते कळत नाही. सतरापैकी चौघे प्रयोगात नव्हतेच. ते ओळखीचे पत्रकार आणि एक दिग्दर्शक होते, आणि त्यांनी वाचावे म्हणून त्यांना रांगेत घुसवले होते. आणि कौतुक करता करताच काम सांगितल्यामुळे ते कौतुक उसने वाटते.

आम्ही बसून तो असा बदलला: ‘शनिवारी भरत नाट्य मंदिरात आमच्या एकांकिकेचा तिसरा प्रयोग झाला. दुसऱ्या प्रवेशात खिडकीतून हळूहळू आत येणारी पहाट अनेकांनी प्रयोगानंतर येऊन आवर्जून वाखाणली. ती योजना अमुक यांची. खिडकीमागे एकच पार कॅन, त्यावर अंबर जिलेटिन, आणि चार मिनिटांत डिमर चढवत नेण्याचे काम तमुक यांनी केले. विशीतल्या अभिनेत्रीला सत्तरीची आजी करण्यासाठी अमुक यांना दीड तास लागला. काळोखात पलंग फिरवणारे हात तिघांचे होते,’ आणि पुढे त्या तिघांची नावे. शेवटी ‘छायाचित्रे’ असे लिहून छायाचित्रकाराचे नाव. मजकुराची लांबी जवळपास दुप्पट झाली. @ मात्र सतरावरून सहावर आले, कारण सहाच जणांनी खाते जोडायला सांगितले होते. पोस्ट वाचून डिमरवरच्या मुलाच्या आईने त्याला विचारले, की ती पहाट तू केलीस होय? त्याला टॅग केलेलेही नव्हते. कुणीतरी पोस्ट तिला दाखवली होती.

मराठीत लिहिताना एक खास अडचण येते. @ लावून आलेले नाव बहुधा रोमन लिपीत असते आणि ते विभक्तीला वाकत नाही. त्याला ‘ने’, ‘ला’, ‘ची’ चिकटवले की वाक्य विद्रूप दिसते. त्यासाठी आपल्याकडे ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांची’ तयार आहेत, आणि त्यात मानही आपोआप येतो. नावानंतर एक जागा सोडावी आणि मग ‘यांनी’ लिहावे. समवयस्कासाठी ‘यांनी’ फारच औपचारिक वाटत असेल तर आधी देवनागरीत नाव लिहून वाक्य पूर्ण करावे आणि खाती सगळी शेवटच्या ओळीत एकत्र द्यावीत. मला हा दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. वाक्य मराठी राहते, श्रेय वाक्यात राहते, आणि नंतर कुणी ‘माझे खाते काढ’ म्हणाले तर मजकुराला धक्का न लावता ते काढता येते.

छायाचित्रकाराबाबत थोडे अधिक. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती, आणि कलम ५७ कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते. तेव्हा फोटोखाली नाव देणे हा उपकार नाही. पण ते नाव फोटोतल्या एखाद्या नटाच्या छातीवर टॅग करून चिकटवू नये. पाहणाऱ्याला तो नटच त्या नावाचा वाटतो, आणि छायाचित्रकाराच्या टॅग केलेल्या फोटोंत त्याचा स्वतःचा एकही चेहरा नसलेले पन्नास फोटो साचतात. ‘छायाचित्रे’ हा शब्द आणि त्यापुढे नाव, हे मजकुरात असावे. फोटोवर त्याची सही किंवा शिक्का असेल तर तो कापला जाणार नाही हे इन्स्टाग्रामच्या चौकटीत बसवताना पाहावे.

टॅग करून आग्रह करू नये

वरच्या खर्ड्यातल्या त्या चौघांकडे परत येऊ. ज्याचा कामाशी संबंध नाही त्याला ‘वाचावे म्हणून’ टॅग करणे हा पुण्याच्या सांस्कृतिक वर्तुळातला सर्वांत रूढ प्रकार आहे, आणि ज्यांना टॅग केले जाते ते सौजन्यापोटी बोलत नाहीत. टॅग झालेल्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: काहीतरी गोड लिहावे किंवा न लिहून शिष्ट ठरावे. अशा माणसाने नाटक पाहावे अशी इच्छा असेल तर त्याला खासगी निरोप पाठवावा. त्याला तिथे ‘त्या दिवशी जमणार नाही’ असे कुणाच्याही नजरेत न येता म्हणता येते.

पैशांच्या बाबतीत हे आणखी सांभाळावे लागते. देणगीदारांचे आभार मानताना आम्ही रक्कम लिहीत नाही, आणि नाव लिहायचे की नाही हे पावती देतानाच विचारतो. एकदा एका सभासदाने ‘या पाच जणांनी मदत केली, आता तुमची पाळी’ असे लिहून आणखी दहा जणांना टॅग केले होते. दहापैकी दोघांनी पैसे दिले. उरलेल्यांपैकी तिघे त्यानंतर प्रयोगाला फिरकले नाहीत. ज्या पोस्टमध्ये कुणाचे कौतुक आहे त्या पोस्टमध्ये त्याच्याकडून काहीही मागू नये, अगदी शेअर करण्याची विनंतीसुद्धा नको. तिकिटांची जाहिरात वेगळी टाकावी आणि तिच्यात कुणालाही टॅग करू नये.

संख्येचा मोहही आवरावा. इन्स्टाग्राम एका फोटोवर वीस जणांना टॅग करू देते आणि फेसबुक पन्नास. ही यंत्रणेची मर्यादा आहे. तेवढे भरायचेच असा तिचा अर्थ नाही. एकत्र फोटोत ज्यांनी होकार दिला आहे त्यांनाच टॅग केले तर मधले काही चेहरे बिननावाचे राहतात आणि पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की हिलाच का नाही? म्हणून मी एकत्र फोटोवर कुणालाच टॅग करत नाही. ज्यांना हवे त्यांचे एकेकटे फोटो देते आणि ते त्यांनी आपापल्या खात्यावर टाकावेत असे सुचवते. ते टाकतात तेव्हा संस्थेला टॅग करतात, आणि त्या दिशेने केलेल्या टॅगने कुणाचीच पंचाईत होत नाही.

पोस्ट टाकताना आणि नंतर

प्रयोग चालू असताना स्टोरी टाकून कलाकारांचा उल्लेख करू नये. इन्स्टाग्रामवर स्टोरीत उल्लेख केला की त्या व्यक्तीला निरोपांच्या पेटीत सूचना जाते आणि, तुमचे खाते खुले असेल तर, ती स्टोरी पुढे आपल्या खात्यावर लावण्याची सोय मिळते. ही सोय छान आहे, पण ठिकाणाच्या नावासह टाकलेली अशी स्टोरी अमुक मुलगी आत्ता सदाशिव पेठेत आहे आणि साडेदहाला बाहेर पडेल, हेही जगाला सांगते. आमच्याकडे एका मुलीने हे स्पष्टपणे बोलून दाखवल्यापासून स्टोरीसुद्धा दुसऱ्या दिवशीच जाते.

पोस्ट गेल्यावर अर्ध्या तासाने ती परत उघडावी. @ वेगळ्याच नामसाधर्म्याच्या माणसाकडे गेला नाही ना, हे प्रत्येक नावावर बोट ठेवून पाहावे. आपल्याकडे एकाच नावा-आडनावाची माणसे ढिगाने असतात आणि यादीतले पहिले नाव दाबण्याची सवय सगळ्यांनाच असते. खाली टिप्पण्यांत कुणी ‘अरे, हा तर आमच्या बँकेतला’ अशी ओळख पटवत असेल आणि त्या व्यक्तीला ती नको असेल, तर ती टिप्पणी लपवावी आणि लिहिणाऱ्याला खासगीत कळवावे.

काही दिवसांनी एखाद्याचा टॅग नाहीसा झालेला दिसतो. फेसबुकवर ज्याला टॅग केले तो Remove tag वापरून तो काढू शकतो. इन्स्टाग्रामवरही फोटोतल्या आपल्या नावावर स्पर्श करून स्वतःला पोस्टमधून काढता येते. टॅग मंजूर केल्याशिवाय तो आपल्या प्रोफाइलवर दिसूच नये अशी व्यवस्थाही अनेकांनी केलेली असते. मात्र त्याने मूळ पोस्ट इतरांना दिसायची थांबत नाही, एवढे तुमच्या लक्षात असावे. ‘तो मंजूर करेल की नाही ते बघू, आपण टॅग करून टाकू’ ही पळवाट म्हणूनच खरी नव्हे. टॅग काढला गेला असेल तर पुन्हा लावू नये, का काढला ते विचारू नये, आणि वहीत त्याच्या नावासमोर ‘नुसते नाव’ अशी नोंद करावी.

ही वही एका प्रयोगापुरती नसते. वर्षभराने फेसबुक त्याच तारखेला जुनी पोस्ट आठवण म्हणून समोर आणते आणि ‘पुन्हा शेअर करा’ म्हणते. मधल्या काळात कुणी संस्था सोडलेली असते, कुणाचे लग्न मोडलेले असते, कुणी नाव बदललेले असते. त्या दिवशी मी आधी वही उघडते, दोघा-तिघांना फोन करते, आणि बहुतेक वेळा जुनी पोस्ट पुन्हा न टाकता तिच्यातला रिकाम्या रंगमंचाचा, दिवे लागलेला फोटो तेवढा नव्या ओळीसह टाकते. हिंजवडीच्या त्या मुलाने अजूनही खाते जोडू दिलेले नाही. त्याच्या नावासमोर गेल्या सगळ्या प्रयोगांत ‘प्रकाशयोजना, नुसते नाव, पूर्ण आडनावासह’ असे लिहिलेले आहे, आणि आता तो प्रयोगाच्या दिवशी रीतसर रजा टाकतो.